तिनाचा शंभरावा घात आणि सहाचा फेरा

आरंभी माझ्या एका फजितीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षकांचे शिबिर भरले होते. तिथे गणितावर बोलायला मला बोलावले होते. घात म्हणजे काय, एकच संख्या तिनेच पुन्हा पुन्हा गुणत गेले की ती किती भराभर वाढते, असे काहीबाही मी सांगितले. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरून एक वयस्कर गुरुजी उठले. हातात शंभर पानी वही. म्हणाले, "सर, तिनाचा शंभरावा घात काढला आणि त्याला सातानं भागलं, तर बाकी किती उरेल?"

तिनाचा शंभरावा घात म्हणजे तीन हा अंक शंभर वेळा मांडून केलेला गुणाकार. ती संख्या अठ्ठेचाळीस अंकी आहे. ती फळ्यावर मांडून भागायला बसलो असतो तर जेवणाची वेळ टळली असती. पण मी एम. ए. झालेला माणूस. मनातल्या मनात हिशेब केला. भाजक सात आहे, तेव्हा बाक्या सातासातांनी फिरून येणार. शंभरातून साताचे चौदा फेरे वजा केले की उरले दोन. म्हणजे तिनाचा वर्ग पाहायचा. तो नऊ, आणि नवातून सात गेले की दोन. मी ऐटीत सांगून टाकले, "दोन."

गुरुजींनी वही उघडली. "सर, माझ्याकडे चार येतायत. माझंच चुकलं असेल, पण कुठं चुकलं तेवढं दाखवा." वहीत एकाखाली एक अशा शंभर ओळी होत्या. मी त्या वरून खालपर्यंत तपासल्या. एकही ओळ चुकलेली नव्हती. चूक माझी होती, आणि तीही चाळीस शिक्षकांच्या देखत झालेली. ते चाळीस जण माझे उत्तर आपापल्या शाळेत घेऊन जाणार होते. म्हणून तिथल्या तिथे चूक कबूल केली आणि फळ्यावर पुन्हा हिशेब मांडला. आज तोच हिशेब तुमच्यापुढे मांडतो. त्याच्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, तोही सांगतो.

आधी गुरुजींची वही पाहू. त्यांनी ती प्रचंड संख्या कुठेच लिहिली नव्हती. ते फक्त बाकी लिहीत गेले होते. तीन हा पहिला घात. त्यात सात जात नाहीत, म्हणून बाकी तीन. तीन त्रिक नऊ, त्यातून सात गेले, बाकी दोन. आता पुढच्या ओळीसाठी नऊ धरायचेच नाहीत, नुसते दोन धरायचे. दोन त्रिक सहा, बाकी सहा. सहा त्रिक अठरा, बाकी चार. चार त्रिक बारा, बाकी पाच. पाच त्रिक पंधरा, बाकी एक. आणि एक त्रिक तीन, म्हणजे आपण निघालो तिथेच परत आलो.

तुम्ही विचाराल, मधला मोठा आकडा असा टाकून कसा चालेल? त्याचे उत्तर शेतातच आहे. समजा, कडब्याच्या सात सात ताटांची एकेक पेंढी बांधली आणि दोन ताटे सुटी उरली. आता एवढाच माल तिप्पट झाला. पेंढ्या तिप्पट झाल्या तरी त्या पेंढ्याच राहणार. त्यांतून सुटे ताट काही निघणार नाही. सुटी ताटे काय ती दोनाची सहा होतील. बाकी म्हणजे सुटी ताटे. तेव्हा पुढची बाकी ठरवायला मागची बाकी पुरते. पेंढ्या किती झाल्या याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

आता माझी चूक पाहा. साताने भागल्यावर बाक्या सात प्रकारच्या असू शकतात. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहा. म्हणून मी सातांचा फेरा धरला. पण यांतले शून्य इथे कधी येणारच नाही. सात ही मूळ संख्या आहे. तिला एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशाने निःशेष भाग जात नाही. तीन कितीही वेळा तिनाने गुणा, त्या गुणाकारात साताला शिरायला जागाच नाही. तेव्हा राहिल्या सहाच बाक्या. त्या तीन, दोन, सहा, चार, पाच, एक या क्रमाने येतात आणि पुन्हा तिनावर जातात. फेरा सहाचा आहे, साताचा नाही. शंभरातून सहाचे सोळा फेरे म्हणजे शहाण्णव गेले, उरले चार. चौथी बाकी पाहायची. ती चार. गुरुजींचे उत्तर बरोबर होते.

साताचा फेरा खरा की सहाचा, हे ताडून पाहायला शंभर ओळी लागत नाहीत. फेरा साताचा असता तर आठव्या घाताची बाकी पहिल्यासारखी, म्हणजे तीन यायला हवी होती. तिनाचा आठवा घात ६५६१ आहे. त्यातून साताचे ९३७ पट, म्हणजे ६५५९, वजा केले तर उरतात दोन. ती दुसऱ्या घाताची बाकी आहे. फेरा सहाचा असल्याची ही रोकडी साक्ष. माझ्या ऐटबाज उत्तरापूर्वी मी एवढे जरी केले असते तरी फजिती टळली असती.

बाकीवरून हिशेब करणे आपल्याकडे नवे नाही. आपल्या ज्योतिषगणितात ठरावीक आरंभापासून आजपर्यंत किती दिवस लोटले ती संख्या काढतात. तिला अहर्गण म्हणतात. अहर्गण लाखांच्या घरात गेला तरी त्याला साताने भागले की उरलेल्या बाकीवरून वार कळतो. वार जुळला नाही तर हिशेबात एखाददुसऱ्या दिवसाची चूक आहे असे ओळखून ती दुरुस्त करतात. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत कुट्टक नावाचे प्रकरण आहे, तेही बाक्यांच्याच गणिताचे. पण एकाच संख्येचे घात घेत गेले तर बाक्यांचा फेरा किती लांबीचा असेल, या प्रश्नाचा नियम पत्रात लिहून ठेवला तो सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाने. त्याचे नाव पिएर द फेर्मा.

फेर्मा हा धंद्याने गणिती नव्हता. दक्षिण फ्रान्समधल्या तूलूझ शहरी राजाच्या न्यायसभेत तो काम करी आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळे. त्या काळी गणिताची नियतकालिके नव्हती. पॅरिसमध्ये मेर्सेन नावाचा एक धर्मोपदेशक राहत असे. देशोदेशीचे विद्वान आपले शोध आणि आपली कोडी त्याला पत्राने कळवीत आणि तो ती इतरांना पोचवी. म्हणजे मेर्सेन हे त्या काळचे गणिताचे टपालघरच होते म्हणा ना. पॅरिसच्या टांकसाळीत नोकरीला असलेला फ्रेनिक्ल द बेसी हाही या मंडळींपैकीच. मोठमोठे आकडे हाताळण्यात त्याचा हातखंडा होता.

या पत्रव्यवहारात परिपूर्ण संख्यांचा विषय निघाला होता. ज्या संख्येच्या सर्व लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते, ती परिपूर्ण संख्या. सहाचे विभाजक एक, दोन आणि तीन. त्यांची बेरीज सहा. अठ्ठाविसाचे विभाजक एक, दोन, चार, सात आणि चौदा. त्यांची बेरीज अठ्ठावीस. युक्लिडाने फार पूर्वी दाखवून ठेवले होते की दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनवता येते. दोनाचा तिसरा घात आठ. एक वजा केला की सात. सात ही मूळ संख्या. तिला दोनाच्या वर्गाने, म्हणजे चाराने गुणले की अठ्ठावीस. म्हणजे पाहा, आपले सात इथेही हजर आहेत.

तेव्हा प्रश्न असा उरला की दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळते? दोनाचा सदतिसावा घात घ्या. एक वजा केल्यावर येतात १,३७,४३,८९,५३,४७१. ही मूळ संख्या आहे की नाही? तीन, पाच, सात, अकरा अशा एकेका मूळ संख्येने भागून पाहायचे ठरवले तर किती वेळा भागावे लागेल याचा नेम नाही. पण १६४० सालच्या जून महिन्यात फेर्माने मेर्सेनला कळवले की हिला २२३ ने निःशेष भाग जातो. त्याला हे कसे सापडले? यामागे बाक्यांच्या फेऱ्याचाच विचार होता. तो आता सावकाश पाहू.

आधी दोनाचे घात साताने भागून पाहा. दोन, मग चार, मग आठाची बाकी एक. पुन्हा दोन, चार, एक. इथे फेरा तिनाचाच आहे. तिनाचे घात घेतले तेव्हा फेरा सहाचा होता. चाराचे घेतले तर चार, दोन, एक, असा तिनाचाच. पाचाचे घेतले तर पाच, चार, सहा, दोन, तीन, एक, असा सहाचा. सहाचे घेतले तर सहा आणि एक, असा दोनाचा. फेऱ्याची लांबी सहा, तीन किंवा दोन आली, पण चार किंवा पाच कधीच आली नाही. आणि सहा, तीन, दोन या सगळ्यांनी सहाला निःशेष भाग जातो.

फेर्माने १८ ऑक्टोबर १६४० रोजी फ्रेनिक्लला जे पत्र लिहिले त्यात नेमका हाच नियम आहे. त्याने उदाहरण घेतले तेराचे. तिनाचे घात तीन, नऊ, सत्तावीस. सत्ताविसाला तेराने भागले की बाकी एक. म्हणजे फेरा तिनाचा. तेरातून एक गेला की बारा, आणि तिनाने बाराला भाग जातो. मग सहाव्या घाताची, म्हणजे ७२९ ची, बाकीही एकच आली पाहिजे, आणि तशी ती येते. नियम असा की भाजक मूळ संख्या असेल, तर फेऱ्याच्या लांबीने भाजक उणे एक या संख्येला निःशेष भाग जातो. भाजक सात असेल तर सहाला, तेरा असेल तर बाराला. पत्रात त्याने पुढे असेही म्हटले की याचा पुरावा मी पाठवला असता, पण पत्र फार लांबेल अशी भीती वाटते. पुरावा त्याने पाठवला नाही, आणि तो त्याच्या कागदांतही मिळालेला नाही.

आता हा नियम त्या सदतिसाव्या घाताला लावा. समजा, एखाद्या मूळ संख्येने त्या बारा अंकी संख्येला भाग जातो. म्हणजे त्या मूळ संख्येने दोनाचा सदतिसावा घात भागला तर बाकी एक उरते. तेव्हा सदतीस पावले टाकल्यावर फेरा पुरा झालेला आहे. पण सदतीस ही स्वतः मूळ संख्या. तिचे लहान समान तुकडे पडत नाहीत. म्हणून फेरा सदतिसाचाच असला पाहिजे. मग नियमाप्रमाणे भाजकातून एक वजा केला की सदतिसाने भाग गेला पाहिजे. शिवाय भाजक विषम आहे, म्हणून त्यातून एक वजा केल्यावर सम संख्या उरते. तेव्हा चौऱ्याहत्तरानेही भाग जातो. म्हणजे भाजक चौऱ्याहत्तराच्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार. पंचाहत्तर, एकशे एकोणपन्नास, दोनशे तेवीस आणि असेच पुढे. पंचाहत्तर ही मूळ संख्या नाही. एकशे एकोणपन्नासने भाग जात नाही. आणि दोनशे तेविसाने जातो! दोन ही पहिली मूळ संख्या धरून मोजले तर २२३ ही अठ्ठेचाळिसावी येते. एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसणाऱ्याला तोवर चाळिसाहून अधिक भागाकार करावे लागले असते. नियम हाती असलेल्याला दोनच पुरले.

हा भागाकारही बारा अंकी संख्या न मांडता करता येतो. दोनाचा आठवा घात २५६. त्यातून २२३ गेले, बाकी ३३. सोळाव्या घातासाठी ३३ चा वर्ग करा. तो १०८९. त्यातून २२३ चौपट, म्हणजे ८९२, वजा करा. बाकी १९७. बत्तिसाव्या घातासाठी १९७ चा वर्ग करा. तो ३८,८०९. त्यातून २२३ ची १७४ पट, म्हणजे ३८,८०२, वजा करा. बाकी सात. आता बत्तीस आणि पाच मिळून सदतीस. दोनाचा पाचवा घात बत्तीस. सात गुणिले बत्तीस २२४, त्यातून २२३ गेले, बाकी एक. झाले! दोनाच्या सदतिसाव्या घाताची बाकी एक आहे, म्हणजे एक वजा केल्यावर निःशेष भाग जाणारच. दुसऱ्या बाजूने ताळा पाहायचा असेल तर २२३ ला ६१,६३,१८,१७७ ने गुणून पाहा. तीच बारा अंकी संख्या मिळेल.

नियम मिळाला, पण तो खरा कशावरून? तेरा आणि साताला जुळला म्हणून प्रत्येक मूळ संख्येला जुळेल असे थोडेच आहे? लायब्निट्स या जर्मन पंडिताने सतराव्या शतकातच याचा पुरावा काढला होता, पण तो त्याच्या अप्रकाशित कागदांत पडून राहिला. जगापुढे पुरावा आला तो लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितीकडून. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत त्याने तो १७३६ साली मांडला, म्हणजे फेर्माच्या पत्रानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. पण ऑयलरचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १७६१ साली छापून आलेल्या एका निबंधात त्याने घातांच्या बाक्यांचाच स्वतंत्र विचार केला आणि एक दुसरा पुरावा दिला. तो आपल्या साताच्या उदाहरणावर सहज समजतो.

साताच्या सहा बाक्या म्हणजे शाळेतली सहा मुले समजा. दोनाचे घात घेतले की एक, दोन, चार ही मुले पहिल्या ओळीत येतात. बाहेर कोण राहिले? तीन, पाच आणि सहा. त्यांतला तीन घ्या आणि त्याने पहिली ओळ गुणा. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन चोक बारा म्हणजे बाकी पाच. दुसरी ओळ झाली तीन, सहा, पाच. कुणी उरले नाही, आणि कुणी दोन ओळींत उभे राहिले नाही. तीन तीन मुलांच्या दोन ओळी मिळून सहा. सहाचे घात घेतले तर पहिली ओळ एक आणि सहा, दुसरी दोन आणि पाच, तिसरी तीन आणि चार. दोन दोनांच्या तीन ओळी मिळून पुन्हा सहाच. तिनाचे घात घेतले तर सहाही जण एकाच ओळीत बसतात.

सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या का? एका ओळीतल्या दोन वेगळ्या बाक्यांना एकाच संख्येने गुणून जर एकच बाकी आली असती, तर त्यांच्या अंतराला त्या संख्येने गुणून साताने भाग गेला असता. पण सात ही मूळ संख्या. गुणाकाराला तिने भाग जायचा तर दोघांपैकी एकाला तरी तिने भाग जायला हवा. ती संख्या आणि ते अंतर दोन्ही साताहून लहान, मग जाणार कसा? म्हणून ओळ गुणली तरी तिच्यातली मुले गळत नाहीत. आणि दोन ओळींत एक मूल सामाईक असते, तर त्या दोन्ही ओळी एकच ठरल्या असत्या. कारण कुठल्याही मुलापासून निघून त्याच संख्येने गुणत गेलो की सबंध ओळ फिरून होते. तेव्हा सहा मुले सारख्या लांबीच्या ओळींत वाटली जातात. ओळीची लांबी म्हणजेच फेऱ्याची लांबी, म्हणून तिने सहाला भाग जातोच. चार चारांच्या किंवा पाच पाचांच्या ओळी सहा मुलांच्या होतील कशा? साताऐवजी कोणतीही मूळ संख्या घेतली तरी हाच युक्तिवाद चालतो.

भाजक मूळ संख्या असण्याची अट किती महत्त्वाची आहे तेही यातून कळते. सहाने भागून पाहा. दोनाच्या घातांच्या बाक्या दोन, चार, दोन, चार अशा येत राहतात. एक कधी येतच नाही. तिनाच्या घातांची तर सदाच तीन. वर्गात "फेरा एकावर संपतो" असे शिकवताना भाजक कोणता आहे ते आधी पाहावे.

या सगळ्या हिशेबाला आजची सुटसुटीत लेखनपद्धती मिळाली ती १८०१ साली. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितीने वयाच्या चोविसाव्या वर्षी अंकगणितावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन संख्यांना एकाच भाजकाने भागून सारखीच बाकी उरत असेल, तर त्याने त्यांना समशेष म्हटले आणि त्यासाठी तीन आडव्या रेघांची खूण काढली. बरोबरीच्या दोन रेघा, त्यांवर आणखी एक. ग्रंथाचा तिसरा भाग त्याने घातांच्या बाक्यांनाच दिला आहे. गुरुजींच्या वहीतला "मोठा आकडा टाका, बाकी ठेवा" हा व्यवहार त्याने पहिल्याच भागात रीतसर मांडून ठेवला.

आता आपल्या गोष्टीतलीच सने घेऊन एक उदाहरण सोडवू. १६४० या संख्येचा १८०१ वा घात. तो पुरा लिहायचा तर सुमारे पाच हजार आठशे अंक लिहावे लागतील. त्याला साताने भागून बाकी किती? पहिली पायरी पायाची, म्हणजे जी संख्या गुणायची तिची. १६४० ला साताने भागा. १६३८ गेले, उरले दोन. तेव्हा १६४० च्या जागी नुसते दोन ठेवा. दुसरी पायरी घातांकाची. १८०१ ला सहाने भागा. १८०० गेले, उरला एक. तेव्हा दोनाचा पहिला घात. उत्तर दोन. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की पायाला साताने भागायचे आणि घातांकाला सहाने. पाया हा माल आहे आणि घातांक ही पावलांची मोजणी आहे. मालाच्या पेंढ्या सातांच्या, पावलांचा फेरा सहाचा. घातांकालाही साताने भागले असते तर १८०१ मधून दोन उरले असते आणि उत्तर चार आले असते. तीच माझी फजिती पुन्हा.

कधी कधी चुकीच्या रीतीनेही उत्तर बरोबर येते, आणि ते जास्त घातक. १८०१ चा १६४० वा घात घ्या. १८०१ ची साताने बाकी दोन. १६४० ची सहाने बाकी दोन, आणि साताने भागले तरी बाकी दोनच! दोन्ही रीतींनी उत्तर चार. एवढेच उदाहरण घेऊन मुलाची रीत तपासली तर चूक लपून राहील. म्हणून परीक्षेला उदाहरण निवडताना घातांकाची सहाने आणि साताने येणारी बाकी वेगळी असेल असे पाहावे, आणि पाया तीन किंवा पाच घ्यावा. त्यांचा फेरा पुरा सहाचा असल्याने चूक झाकली जात नाही.

दोन ठिकाणी मुले अडखळतात. घातांकाला सहाने पुरा भाग गेला तर शून्य उरते. मग मुले बाकी शून्य सांगून मोकळी होतात. पण तिथे फेरा पुरा झाला असा अर्थ आहे, आणि पुऱ्या फेऱ्याच्या शेवटी एक असतो. तिनाच्या शहाण्णवाव्या घाताची बाकी एक आहे. दुसरी जागा म्हणजे पायालाच साताने भाग जाणे. ऑयलरचे १७३६ साल पाहा. सात गुणिले २४८ म्हणजे १७३६. त्याचा कितवाही घात घ्या, बाकी शून्यच. तिथे फेरा वगैरे काही नाही.

आणखी एक मर्यादा सांगून पुरे करतो. भाजक मूळ असेल तर भाजकातून एक वजा करून जो घातांक येतो, त्या घाताची बाकी एक येते, एवढे सिद्ध झाले आहे. याचे उलट मात्र खरे नाही. ३४१ ही संख्या घ्या. दोनाच्या दहाव्या घाताला, म्हणजे १०२४ ला, ३४१ ने भागले तर बाकी एक उरते. कारण ३४१ ची तिप्पट १०२३ आहे. मग दहाचे चौतीस फेरे घेतले की ३४० व्या घाताची बाकीही एकच. नियम उलटा लावणारा म्हणेल की ३४१ ही मूळ संख्या आहे. पण ती आहे अकरा गुणिले एकतीस. फ्रेंच गणिती सारू याने हे उदाहरण १८१९ साली पुढे आणले. तेव्हा बाकी एक आली नाही, तर भाजक मूळ नाही हे नक्की. मात्र एक आली तर तो मूळ आहे असे नक्की म्हणता येत नाही.

शिबिर संपल्यावर त्या गुरुजींना मी विचारले, "तुम्ही शंभर ओळी लिहिल्यात, पण सातव्या ओळीला पुन्हा तीन आलेले पाहिले नव्हते का?" ते हसून म्हणाले, "पाहिले होते, सर. पण पुढं कुठं तरी बिघडेल की काय, असं वाटलं. म्हणून शेवटपर्यंत लिहिलं." बिघडणार नाही हे ऑयलरच्या ओळींवरून त्यांना पटले तेव्हा त्यांनी वहीतल्या सातव्या ओळीखाली एक आडवी रेघ ओढली आणि बाजूला लिहिले, "इथून पुन्हा पहिल्यापासून." त्याच पानावर, त्यांच्या परवानगीने, माझे चुकलेले उत्तर मी लिहिले आणि त्यावर काट मारली.